फाइलीबाहेरचा निबंध

पहिल्या चाचणीचे गुण कौस्तुभ सरांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवले. निशिगंधा पेडणेकरचं नाव आलं तेव्हा ते क्षणभर थांबले.

"क्वांट सहाशे दहा. व्हर्बल तीनशे दहा." त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तू सिव्हिल इंजिनिअर ना? शाळा मराठी मीडियमची?"

"हो."

"मग घाबरू नकोस, तुझ्यासारखे दर बॅचला असतात. व्हर्बलच्या मागे लागायचं नाही. क्वांट आठशेला न्यायचं, व्हर्बल कसंबसं चारशे, आणि निबंध आपल्या फाइलीतून. बारा आठवड्यांत याहून जास्त होत नाही."

"मला जास्त पाहिजे, सर," निशी म्हणाली.

वर्गात कोणीतरी हसलं. मीरा रोडला शांती नगरच्या एका सेक्टरमध्ये, साड्यांच्या दुकानावर, कौस्तुभ सरांचा जीआरईचा क्लास होता. अमेरिकेत एमएस करायचं तर ही परीक्षा द्यावी लागते. क्वांट म्हणजे गणित आणि व्हर्बल म्हणजे इंग्रजी, दोन्ही आठशेपैकी, आणि वर दोन निबंध. त्या भागातली इंजिनिअर झालेली बरीच पोरं इथूनच तयारी करायची. जिन्यात सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांचे फोटो लावलेले होते. प्रत्येकाखाली क्वांटचे गुण ठळक अक्षरांत, व्हर्बलचे कुठेच नाहीत.

निशी सव्वीस वर्षांची होती. वाहतुकीचे सर्व्हे करणाऱ्या एका लहानशा कंपनीत ती नोकरीला होती. काशीमीऱ्याच्या नाक्यावर उभं राहून ट्रक, बस, रिक्षा मोजायच्या, माणसं कुठून कुठे जातात ते बघायचं, मग ऑफिसात बसून त्याचा रिपोर्ट करायचा. हे काम तिला मनापासून आवडायचं. वाहतूक अभियांत्रिकीत पुढे शिकायचं तर कुठे, हे तिने दोन वर्षं शोधलं होतं. तिने निवडलेल्या विभागात निबंधाला सहापैकी साडेचार गुण मागत होते, आणि व्हर्बल चांगलं असलेल्यांनाच शिकवण्याचं काम मिळायचं. ते काम मिळालं तरच फी माफ होणार होती. त्यामुळे 'कसंबसं चारशे' तिच्या कामाचं नव्हतं. अर्ज डिसेंबरच्या मध्यापर्यंत पोचायला हवे होते. तिने परीक्षेची तारीख घेतली ती नोव्हेंबरचा पहिला शनिवार. हातात बारा आठवडे होते.

शब्दांची यादी साडेतीन हजारांची होती. सर्वांनी ती 'ए'पासून पाठ करायला घेतली. पहिल्या पंधरवड्यात निशीनेही तेच केलं आणि तिच्या लक्षात आलं, की 'ए' तोंडपाठ झालाय, 'बी' अर्धा झालाय आणि 'सी'ला पोचेपर्यंत 'ए' पुसला गेलाय. तिने यादी बाजूला ठेवली आणि शब्दांची घरं केली. बडबड्या माणसांचे शब्द एका घरात, घुम्यांचे दुसऱ्यात, कंजुषांचे तिसऱ्यात. प्रत्येक घराला मराठी नाव. मग विरुद्धार्थी शब्द विचारला की एका घरातून उठून समोरच्या घरात जायचं.

आईला, म्हणजे वासंतीबाईंना, हा खेळ आवडला. भाजी निवडता निवडता त्या विचारायच्या, "आज कोणतं घर?"

"बडबडीचं. गॅर्युलस, लोक्वेशस, व्हॉल्युबल."

"म्हणजे चौथ्या मजल्यावरची हंसाबेन."

"आणि टॅसिटर्न म्हणजे पप्पा."

दशरथ पेडणेकर पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "ऐकू येतंय मला."

एका संध्याकाळी 'रिकॅल्सिट्रंट' आला. निशीने शब्दकोशात मूळ शोधलं. लॅटिनमध्ये टाच, लाथ मारणं असलं काहीतरी. "न जुमानणारा. दुलत्या झाडणारा," तिने आईला सांगितलं.

"हा कुठल्या घरात टाकणार?"

"आपल्याच," निशी म्हणाली.

क्वांटचं दुखणं वेगळंच निघालं. अवघड गणितं तिला यायची, चुकायची ती सोपी. 'एक्सचा वर्ग मोठा की एक्स?' असा प्रश्न आला, की इंजिनिअरच्या सवयीने ती झटकन 'वर्ग मोठा' म्हणून पुढे जायची. एक्स म्हणजे दोन, तीन, पाच असाच कोणी, हे तिने मनातल्या मनात धरून चाललेलं असायचं. पण प्रश्नात तसं कुठे म्हटलेलं नसायचं. एक्स शून्य असेल तर दोन्ही सारखे, अर्धा असेल तर वर्गच लहान. उत्तर 'सांगता येत नाही' हे असायचं. हे कळल्यावर तिने एक शिस्त लावून घेतली. जे दिलेलं नाही ते धरायचं नाही. शून्य, अपूर्णांक, ऋण, तिन्ही घालून बघायचं आणि मगच बटण दाबायचं. महिन्याभरात तिचं क्वांट सातशेच्या वर गेलं. सर खूश झाले.

मग निबंधांची फाइल आली.

ती झेरॉक्स काढून सर्वांना वाटली गेली. त्यात तयार सुरुवाती होत्या, तयार शेवट होते, मधल्या भागासाठी थोर शास्त्रज्ञांची आणि राष्ट्राध्यक्षांची उदाहरणं होती आणि काही विषयांवर तर पुरे निबंधच. "विषय कुठलाही येऊ दे," सर म्हणाले, "पहिला परिच्छेद हाच. वीस बॅचेस यावर पास झाल्यात."

निशीने फाइल घरी नेली, वाचली आणि दुसऱ्या दिवशी परत आणून टेबलावर ठेवली.

"हे मी लिहिलेलं नाही, सर. मी कसं टाइप करू?"

"पाठ करून टाइप कर. सगळे करतात."

"आधी माझा बघा ना एकदा. मग ठरवा."

तिने सराव निबंध लिहिला. परीक्षेतल्या दोन निबंधांपैकी दुसऱ्या प्रकारचा, ज्यात एक युक्तिवाद दिलेला असतो आणि तो कुठे लंगडा आहे ते दाखवायचं असतं. एका गावात सिग्नल बसवल्यावर अपघात कमी झाले, म्हणून सगळ्या चौकांत सिग्नल बसवा, असं त्यात कोणी म्हणत होतं. निशीला हे कालच नाक्यावर घडल्यासारखं वाटलं. तिने लिहिलं की त्याच महिन्यात दुसरीकडून ट्रक वळवले नव्हते कशावरून? मोजणी किती दिवस केली? सणाच्या सुटीत तर नाही? सिग्नल आणि अपघात यांच्यामध्ये आणखी काय काय बदललं, हे माहीत नसताना श्रेय सिग्नलला कसं देता?

सरांनी त्याला तीन दिले.

"तीन का?"

"भाषा साधी आहे. उदाहरणात वजन नाही. अमेरिकेतल्या माणसाला तुझ्या काशीमीऱ्याशी काय करायचंय?"

"त्यांना काशीमीरा नको असेल, सर, पण विचार तर माझाच पाहिजे ना? प्रश्नच तसा आहे."

"ठीक आहे," सर म्हणाले. "तुझ्या जबाबदारीवर. उद्या कमी पडले तर कौस्तुभ सरांचं नाव घ्यायचं नाही."

त्या शनिवारी ती सायबर कॅफेत जाऊन बसली. परीक्षा घेणारी संस्था आपल्या वेबसाइटवर निबंधांचे सगळे विषय उघड ठेवते, हे तिने ऐकलं होतं. तिथे त्यासोबत नमुन्याचे निबंधही होते, सहा गुणांचे, चारांचे, दोनांचे, आणि का दिले त्याची टिप्पणी. तिने ती पानं छापून घेतली. दोनदा वाचली. जड उदाहरण द्या, असं कुठे लिहिलं नव्हतं. मुद्दा नेमका आहे का, कारण पटतंय का, एकातून एक निघतंय का, एवढंच पुन्हा पुन्हा विचारलं होतं.

त्या दिवसापासून ती रोज एक विषय काढून नोटपॅडमध्ये टाइप करायची. नोटपॅडमध्ये चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ येत नाही, आणि परीक्षेतही येणार नव्हती. घड्याळ समोर ठेवायची. पहिल्या निबंधाला पाऊण तास, दुसऱ्याला अर्धा. सुरुवातीला वेळ संपायची तेव्हा निम्मा निबंध डोक्यातच असायचा. हळूहळू बोटं विचारांच्या बरोबरीने पळायला लागली.

सप्टेंबरच्या शेवटी साईराजने परीक्षा दिली. साईराज तिच्या शेजारच्या बाकावर बसायचा, साधा मुलगा, सर सांगतील ते करणारा. परीक्षा संपल्यावर पडद्यावर लगेच दिसतात ते दोन गुण घेऊन तो थेट क्लासमध्ये आला: क्वांट आठशे, व्हर्बल चारशे साठ. सरांनी पेढे वाटले.

"निबंध?" निशीने विचारलं.

"फाइलीतला. जवळजवळ तसाच विषय आला," साईराज खुशीत म्हणाला. "तू उगाच ताप करून घेतेयस, निशी."

सरांनी तिच्या हातावर पेढा ठेवला. "अजून पाच आठवडे आहेत. फाइल कपाटात आहे."

पेढा चांगला होता. ती घरी जाताना मात्र तिला पहिल्यांदा भीती वाटली, की आपण नुसता हट्ट करतोय की काय. त्या रात्री तिने विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी दोन काढले.

दिवाळीला निहारचं स्थळ आलं. निहार न्यू जर्सीत सॉफ्टवेअरमध्ये होता, घर भाईंदरला केबिन रोडवर. तीन आठवड्यांच्या रजेवर आला होता. मुलगा शांत, सरळ. दोघं एकदा बाहेर भेटली तेव्हा त्यानेच विषय काढला.

"मीपण दिली होती जीआरई. व्हर्बल चारशे वीस. कोणी विचारलं नाही मला."

"मला विचारणार आहेत," निशी म्हणाली.

"पण घाई कशाला? लग्न करून डिपेंडंट व्हिसावर ये. तिथून आरामात ॲडमिशन घे."

"त्या व्हिसावर शिकता येतं, निहार. पण विद्यापीठात काम करता येत नाही. म्हणजे फी तू भरणार, आणि मी कुठे, काय शिकायचं ते तुझी नोकरी जिथे असेल त्यावर ठरणार."

तो विचारात पडला. "तसा मी विचार केला नव्हता," तो म्हणाला. तेवढ्यासाठी तो तिला आवडला.

दोन्ही घरांना पसंती होती. निहारची आई, आशाताई, त्याला घेऊन साखरपुड्याचं ठरवायला शांती नगरला पेडणेकरांच्या घरी आल्या. निहार सोमवारी परत जाणार होता, म्हणून त्यांनी शनिवार काढला होता.

"शनिवारी माझी परीक्षा आहे," निशी म्हणाली.

"तारीख बदलता येत नाही का?" आशाताईंनी विचारलं.

"येते. पण पुढची जागा डिसेंबरअखेर आहे. तोवर अर्जांची मुदत संपते. एक वर्ष जातं."

"ताई, रविवारी करू की," दशरथरावांनी मध्ये घातलं. "हॉलचं मी बघतो. नाहीतर आमच्या सोसायटीच्या गच्चीवर करू."

आशाताईंनी चहाचा कप खाली ठेवला. "रविवारचं जमेल हो. पण मला एक कळत नाही. जाणार तर ती आहेच. मग हे परीक्षेचं खूळ हवं कशाला? उद्या तिला कुठे लांबच्या गावात ॲडमिशन मिळाली, तर माझा मुलगा तिथे लग्न करूनही डबाच खाणार? आधी हे थांबवा, मग रविवार ठरवू."

सगळ्यांनी निशीकडे पाहिलं. निशीने निहारकडे पाहिलं. निहार चपलांकडे बघत होता.

"मी थांबवणार नाही," निशी म्हणाली. "रविवारी साखरपुडा करायला मी तयार आहे. शनिवारी परीक्षाही देणार आहे. दोन्हीपैकी एकच मिळणार असेल, तर मी परीक्षा घेते."

"निशी!" वासंतीबाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

आशाताई उठल्या. "पेडणेकर, तुम्ही काय म्हणता?"

हे स्थळ दशरथरावांना फार आवडलं होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"मला तिचं पटत नाही," ते म्हणाले. "पण ती बारा आठवडे अभ्यास करतेय, तो मी बघितलाय. तो बंद कर असं मी तिला सांगणार नाही. आणि माझ्या घरात दुसऱ्या कोणी सांगितलेलंही मला चालणार नाही."

पाहुणे गेल्यावर ते आतल्या खोलीत जाऊन झोपले. दोन दिवस निशीशी बोलले नाहीत. निहारचा एक फोन आला, "सॉरी" म्हणायला. त्याने त्याहून जास्त काही म्हटलं नाही, तिनेही विचारलं नाही. फोन ठेवल्यावर ती न्हाणीघरात जाऊन रडली, तोंड धुतलं आणि क्वांटचा एक पूर्ण भाग सोडवला. चार चुका आल्या. चारही चुकांत तिने न दिलेलं काहीतरी धरलं होतं.

शनिवारी दशरथराव तिच्याबरोबर अंधेरीच्या केंद्रापर्यंत बसने आले. दाराशी तिचा पासपोर्ट त्यांनी आपल्या खिशातून काढून दिला आणि म्हणाले, "मी खाली आहे."

पहिल्या निबंधाला दोन विषय समोर आले, एक निवडायचा. शहरं कशी असावीत हे तज्ज्ञांनी ठरवावं की तिथे राहणाऱ्यांनी, असा एक होता. निशीने तो घेतला. तिने हायवेवरच्या एका पादचारी पुलाबद्दल लिहिलं. आकडेमोड बरोबर होती, पूल मजबूत होता, आणि तो कोणी वापरत नव्हतं, कारण बस थांबायची तिथून बरीच पुढे, आणि डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका जिथे उतरायच्या तिथूनच रस्ता ओलांडायच्या. मग तिने उलट बाजूही लिहिली. त्या बायकांना विचारून पूल कुठे ते कळतं, पण तो किती वजन पेलेल ते त्यांना विचारून चालत नाही. घड्याळ संपायला चार मिनिटं असताना तिने शेवटचं वाक्य लिहिलं. फाइलीतलं एकही वाक्य तिला आठवलं नव्हतं.

व्हर्बलने मात्र तिला हलवलं. या परीक्षेत संगणक तुमच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न काढतो. बरोबर आलं तर कठीण, चुकलं तर सोपा, आणि मागे जाता येत नाही. सुरुवातीला शब्द अवघड येत होते, ती खूश होती. मग मध्येच एक अगदी सोपा शब्द आला. तिचा हात थांबला. म्हणजे मागचा चुकला? त्याच्या मागचाही? ती मागच्या प्रश्नाचा विचार करत राहिली आणि समोरच्याची वेळ गेली. मग तिने स्वतःलाच बजावलं, की हेही दिलेलं नाही, हेही तू धरतेयस. समोरचा प्रश्न सोडव. क्वांट ठीक गेलं. त्यानंतर पुन्हा एक व्हर्बलचा भाग आला. दोनपैकी एक मोजला जात नाही, आणि कोणता ते सांगत नाहीत. तिने दोन्ही सारख्याच जिवावर उदार होऊन सोडवले.

शेवटी पडद्यावर प्रश्न आला. गुण नोंदवायचे की रद्द करायचे? रद्द केले तर कोणालाही कळणार नाहीत, तिलाही नाही. आधी बघून मग ठरवण्याची सोय नव्हती.

सरांनी सर्वांना सांगून ठेवलं होतं, जरा जरी शंका आली तरी रद्द करा, वाईट गुण कायमचे चिकटतात. निशीला शंका भरपूर होती. पण तिला जिन्यातले फोटो आठवले नाहीत, आशाताई आठवल्या नाहीत. तिला फक्त एवढं कळत होतं, की गेले बारा आठवडे ती जे ठरवत आली ते न बघताच ठरवत आली होती. तिने 'नोंदवा' दाबलं. 'नक्की?' असं पुन्हा विचारलं. तिने पुन्हा दाबलं.

व्हर्बल पाचशे नव्वद. क्वांट सातशे सत्तर.

खाली दशरथराव टपरीपाशी उभे होते. तिने गुण सांगितले. त्यांना आकड्यांतलं काही कळलं नाही.

"म्हणजे चांगले का?"

"खूप चांगले, पप्पा."

"मग रडतेस कशाला?" ते म्हणाले आणि तिच्यासाठी चहा सांगितला.

निबंधाचे गुण नोव्हेंबरच्या शेवटी कळले: सहापैकी पाच. त्याच आठवड्यात साईराजचा फोन आला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. त्याचे गुण इतके दिवस अडकवून ठेवले होते. आता संस्थेने कळवलं होतं, की त्याचा निबंध इतर परीक्षार्थींच्या निबंधांशी जुळतो. सगळे गुण रद्द. क्वांटचे आठशेसुद्धा.

"सर काय म्हणाले?"

"म्हणाले, तू जास्तच जसाच्या तसा लिहिलास. थोडं बदलायला हवं होतंस."

निशीला सरांचा भयंकर राग आला.

डिसेंबरात कौस्तुभ सरांनी तिला नव्या बॅचसमोर बोलायला बोलावलं. क्लासमधून व्हर्बल पाचशे नव्वद पहिल्यांदाच आले होते. जिन्यात तिचा फोटो लावायचं त्यांनी ठरवलं होतं. वर जाताना ते हळूच म्हणाले, "साईराजचं काढू नकोस. पोरं घाबरतील. तुझं सांग, कशी मेहनत केलीस वगैरे."

वर्ग भरलेला होता. प्रत्येकाच्या बाकावर फाइल होती. निशी उभी राहिली, तिने आपले गुण सांगितले, शब्दांच्या घरांबद्दल सांगितलं, शून्य आणि अपूर्णांकाबद्दल सांगितलं. मग म्हणाली, "ही फाइल मी वापरली नाही. साईराजने वापरली. त्याचे सगळे गुण रद्द झालेत."

"निशिगंधा," सर दारातून म्हणाले.

"सर, तुम्हीच बोलायला बोलावलंत." ती वर्गाकडे वळली. "तुमच्या आधी वीस बॅचेसनी हीच वाक्यं टाइप केलीयत. तिकडे जुळवून बघायचं सॉफ्टवेअर असतं. आणि तेही सोडा. तुम्हाला स्वतःचं म्हणणं नाहीये का? तीन महिने काय दुसऱ्याचं टाइप करायची तयारी करणार?"

"मग माझा फोटोही जिन्यात लावू नका असं म्हणशील," सर तुटकपणे म्हणाले.

"लावायचा तर लावा, सर. खाली लिहा, फाइल न वापरता. नाहीतर नका लावू."

पहिल्या बाकावरच्या आरोही नावाच्या मुलीने हात वर केला. "ताई, पण आम्हाला इंग्लिशमध्ये एवढं सुचत नाही."

"मलाही सुचत नव्हतं. आधी मराठीत विचार कर. पटण्यासारखं कारण सापडलं की शब्द येतात. नाही आले तर साधे वापर."

आरोहीने फाइल बंद केली. मागच्या बाकावरच्या दोघांनी केली नाही. ते सरांकडे बघत राहिले. सर काही क्षण दारात उभे राहिले, मग आत आले आणि टेबलामागच्या खुर्चीत बसले. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, आणि रागाखाली काहीतरी थकल्यासारखं.

"मग यांना लिहायला विषय कोणता देणार?" त्यांनी विचारलं.

निशीने खडू उचलला आणि फळ्यावर वेबसाइटवरच्या यादीतला एक विषय लिहिला.

"पाऊण तास," ती म्हणाली. "सुरू करा."